‘स्विमिंग इज फन’ की ‘इट इज फन टु स्विम’? पोहणं शिकवणाऱ्या एका तरुणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पोहणं शिकवणाऱ्या एका तरुणीचं आहे. ती ओळखू येऊ नये म्हणून तिचं गाव, शाळा आणि काही बारीकसारीक तपशील गाळले आहेत. पंचगंगेकाठच्या गावातल्या पोरी जशा शिकतात तशीच तीही पाठीला डबा बांधून नदीत पोहायला शिकली. पुढे स्पर्धांतून उतरली आणि नंतर शहरातल्या एका तलावावर लहान मुलांच्या बॅचेस घेऊ लागली. शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं. इंग्रजी वाचायची, समजायचं. लिहायची वेळ मात्र क्वचितच आलेली.

कोल्हापूरजवळच्या एका निवासी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिने प्रशिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीच्या आधी शाळेने तीन गोष्टी मागितल्या: नवशिक्यांच्या बॅचबद्दल पालकांना जाईल असं एक पत्र, तलावाजवळ लावायच्या सूचना, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांचा एक नमुना तास. सगळं इंग्रजीतून. राजारामपुरीतल्या ज्या क्लासमध्ये मी संध्याकाळी शिकवतो, तिथे ती पत्राचा कच्चा मसुदा आणि बारावीची व्याकरणाची जुनी वही घेऊन आली.

त्या वहीत जेरंड, म्हणजे ‘स्विमिंग’सारखं नामासारखं वापरलेलं ‘-इंग’ रूप, आणि इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘टु स्विम’सारखं रूप, यांवर दोन पानं होती. वर ‘स्विमिंग इज फन’ आणि ‘इट इज फन टु स्विम’ अशा जोडीबद्दल एक ओळ अधोरेखित केलेली: दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. खाली एका रूपाचं दुसऱ्यात बदल करण्याचे सरावप्रश्न होते आणि सगळी उत्तरं बरोबर होती. “दोन्ही एकच की सर,” ती म्हणाली. “मग कुठलंबी वापरलं तर काय बिघडलं?”

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत काही बिघडत नाही. पत्रात बिघडलं होतं.

अडचण

मसुद्यातली काही वाक्यं जशीच्या तशी देतो: “स्विमिंग इट इज गुड फॉर हेल्थ. लर्न स्विमिंग इज नॉट हार्ड. आय ॲम डिफिकल्ट टु टीच बिग बॅच, सो बॅच इज स्मॉल. इट इज माय हॉबी टु स्विम. टीचिंग चिल्ड्रन आर माय पॅशन. इट इज व्हेरी फनी टु स्विम इन समर.”

वरवर पाहिलं तर सहा वाक्यं, सहा चुका. प्रत्यक्षात त्यामागे दोन-तीनच कारणं होती आणि ती वेगवेगळी ओळखल्याशिवाय दुरुस्तीला अर्थ नव्हता.

मराठीत ‘पोहणं चांगलं’ म्हणता येतं आणि ‘चांगलं असतं पोहणं’ असंही म्हणता येतं. शब्द मागेपुढे केले तरी वाक्य मोडत नाही, आणि पुढची जागा रिकामी राहिली म्हणून ती भरायला काही ठेवावंही लागत नाही. इंग्रजी विधानवाक्याला क्रियापदाआधी कर्ता लागतोच. तिथे एक तर ‘स्विमिंग’ बसवा, नाहीतर ‘टु स्विम’ मागे ढकला आणि रिकाम्या जागेवर ‘इट’ ठेवा. या ‘इट’ला स्वतःचा अर्थ नाही, ते कशाकडे बोट दाखवत नाही, जागा अडवणं एवढंच त्याचं काम. पहिल्या वाक्यात तिने कर्ता बसवला आणि वर जागा अडवणारंही बसवलं. ‘पोहणं हे आरोग्याला चांगलं’ यातलं ‘हे’ तिच्या हातून ‘इट’ होऊन उतरलं होतं. दुसऱ्या वाक्यात ‘लर्न’ हे नुसतं क्रियापद कर्त्याच्या जागी गेलं. तिथे ‘लर्निंग’ तरी हवं, नाहीतर ‘इट इज नॉट हार्ड टु लर्न’.

सगळ्यात धोक्याचं वाक्य तिसरं. ‘मला मोठी बॅच शिकवणं अवघड जातं’ असं तिच्या मनात होतं. मराठीत ‘मला’ आधी येतं, म्हणून इंग्रजीत ‘आय’ आधी आला. पण ‘आय ॲम डिफिकल्ट टु टीच’ एवढे शब्द इंग्रजीत सुटे वाचले तर त्यांचा अर्थ होतो ‘मला शिकवणं अवघड आहे’, म्हणजे मी शिकवायला कठीण अशी विद्यार्थिनी आहे. पुढे ‘बिग बॅच’ आल्यावर वाक्य लंगडतं खरं, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात उलटा अर्थ तोवर बसलेला असतो. ‘आय ॲम हॅपी टु टीच’ चालतं, कारण आनंद माणसाला होतो. अवघडपणा मात्र माणसाचा नसतो, कामाचा असतो. म्हणून ‘डिफिकल्ट’, ‘इझी’, ‘इम्पॉसिबल’ यांच्याआधी काम करणारा माणूस बसवायचा नाही. त्याची जागा मागे, ‘फॉर’ला धरून: “इट इज डिफिकल्ट फॉर मी टु टीच अ बिग बॅच.”

‘टीचिंग चिल्ड्रन आर’ ही चूक नेहमीची. क्रियापदाशेजारी ‘चिल्ड्रन’ दिसतात आणि हात आपोआप ‘आर’ लिहितो. पॅशन मुलं नाहीत, शिकवणं आहे. एकच क्रिया, म्हणून ‘इज’. शेवटच्या वाक्यातलं ‘फनी’ म्हणजे हसू येण्यासारखं, विनोदी किंवा विचित्र. मजेसाठी ‘फन’. याचा जेरंडशी संबंध नाही, पण ‘इट इज’च्या मागोमाग हा शब्द इतक्या मराठी वह्यांत सापडतो की तो ओलांडून जाता आलं नाही.

राहिलं ‘इट इज माय हॉबी टु स्विम’. ही खरी अडचण होती. व्याकरणाच्या नियमाने त्याला चूक ठरवणं कठीण, पण तसं कुणी म्हणत नाही. ‘दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच’ ही ओळ नेमकी इथेच उघडी पडत होती.

विचारात घेतलेले पर्याय

मुलाखतीला थोडेच आठवडे होते. सगळं व्याकरण पुन्हा शिकवणं शक्य नव्हतं आणि गरजेचंही नव्हतं.

पहिला पर्याय, सगळीकडे ‘इट इज’ वापरायचं. एक साचा पाठ केला की बहुतेक काम भागतं आणि ‘फॉर’ लावून करणारा सहज जोडता येतो. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमधून बरेच जण हेच सांगतात आणि घाईच्या माणसाला ते वाईट नाही. पण मसुदा या साच्यात घालून पाहिला तर पानभर प्रत्येक ओळ ‘इट इज’ने सुरू होऊ लागली, आणि ‘हॉबी’, ‘एक्सरसाइज’, ‘स्पोर्ट’ या शब्दांपाशी साचा अडला. ‘पोहणं हा व्यायाम आहे’ हे ‘इट इज ॲन एक्सरसाइज टु स्विम’ असं सांगता येत नाही. तिथे पोहणं काय प्रकारची गोष्ट आहे हे आपण सांगतोय, तिचं नाव घेतोय, आणि नाव घ्यायला जेरंडच हवा. पण म्हणून ‘इट इज’नंतर नाम चालतच नाही असं नव्हे. ‘इट इज अ प्लेझर टु टीच देम’, ‘इट इज माय जॉब टु कीप देम सेफ’, ‘इट इज अ मिस्टेक टु रश’ ही तिन्ही वाक्यं उत्तम. आनंद, जबाबदारी, चूक हे कामाबद्दलचे शेरे आहेत. छंद, व्यायाम, खेळ हे कामाचे प्रकार. शेरा मारायचा असेल तर ‘इट’ चालतं. प्रकार सांगायचा असेल तर जेरंड.

दुसरा पर्याय, सगळीकडे जेरंड. मराठीतल्या ‘-णं’शी तो थेट जुळतो, त्यामुळे तिला हा सोपा वाटला. इथे अडचण लांबीची. नवशिक्याला काय जड जातं ते तिने असं लिहिलं: “कीपिंग द फेस इन द वॉटर ॲन्ड ब्रीदिंग आउट स्लोली थ्रू द नोज इज डिफिकल्ट फॉर अ बिगिनर.” वाक्य बरोबर आहे. पण ‘इज डिफिकल्ट’ येईपर्यंत वाचणाऱ्याला कळत नाही की हे सगळं कशासाठी सांगितलं जातंय. इंग्रजीचा कल जड भाग शेवटाकडे ठेवण्याचा, आणि ‘इट’ची सोय मुख्यतः त्यासाठीच आहे.

तिसरा पर्याय, दोन्ही ठेवायचे आणि कुठे कोणतं हे ठरवणारा एकच प्रश्न हाती द्यायचा. हाच घेतला.

‘टु स्विम इज फन’ हा आणखी एक मार्ग पुस्तकात असतो. तो चुकीचा नाही, पण आजच्या बोलण्यात त्याला सुभाषिताचा सूर येतो. पालकांच्या पत्रात तो नको, एवढंच तिला सांगितलं.

काय केलं

नियम मांडण्याआधी तिला मराठीतच दोन प्रश्न विचारले. पहिला: “पोहण्याबद्दल काय सांगाल?” ती म्हणाली, “पोहणं म्हणजे सगळ्या अंगाला व्यायाम.” दुसरा: “नव्या पोरांना काय जड जातं?” उत्तर आलं, “लई जड जातंय ओ, तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडायचं.” पहिल्या उत्तरात पोहणं आधी आलं, कारण बोलणं त्याच्याबद्दलच चाललं होतं. दुसऱ्यात शेरा आधी आला आणि नवी माहिती मागून. म्हणजे निवड ती करतच होती, तीही न अडखळता. इंग्रजीत पहिलं उत्तर ‘स्विमिंग इज...’ने आणि दुसरं ‘इट इज डिफिकल्ट टु...’ने सुरू होतं, एवढंच जोडून द्यायचं होतं.

त्यावरून तिची कसोटी ठरली: मागच्या वाक्यात या कामाचा विषय निघाला आहे का? निघाला असेल तर तेच काम जेरंड करून पुढे घ्यायचं. काम नव्याने सांगायचं असेल किंवा लांबलचक असेल तर ‘इट’ पुढे, काम मागे.

मग पत्र ओळीओळीने तपासलं. सुरुवातीचं वाक्य भीतीबद्दल होतं. पत्र उघडताना अजून कशाचाच विषय निघालेला नसतो, म्हणून तिने ठेवलं: “इट इज नॅचरल फॉर चिल्ड्रन टु बी अफ्रेड ऑफ वॉटर.” पुढच्या परिच्छेदात एक वाक्य होतं, पालक आम्हाला तरंगण्याबद्दल खूप विचारतात. त्यामागे तिने आधी ‘इट इज इझी टु फ्लोट’ लिहिलं होतं. कसोटी लावल्यावर तिने स्वतःच बदललं: “फ्लोटिंग इज इझी इफ द चाइल्ड रिलॅक्सेस.” तरंगण्याचा विषय आधीच निघाला होता, तो पुढच्या वाक्याच्या तोंडाशी आला आणि दोन वाक्यं एकमेकांना धरून राहिली. श्वासाचं लांब वाक्य उलट दिशेने गेलं: “इट इज डिफिकल्ट फॉर अ बिगिनर टु कीप द फेस इन द वॉटर ॲन्ड ब्रीद आउट स्लोली थ्रू द नोज.” शब्द थोडे वाढले, पण ‘डिफिकल्ट’ आणि ‘बिगिनर’ लगेच कळतात आणि उरलेलं निवांत वाचता येतं.

एका ठिकाणी कसोटी अपुरी पडली. “द बिग टँक इज डीप. इट इज डेंजरस टु एंटर इट विदाउट अ कोच.” ‘डेंजरस’ पहिल्यांदाच आलंय, काम नवीन आहे, म्हणजे ‘इट’ बरोबर. पण आधीच्या वाक्यात टाकी आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला क्षणभर ‘इट’ म्हणजे टाकीच वाटते, आणि पुढे दुसरं ‘इट’ येतं ते खरोखरच टाकीचं. एकाच ओळीत दोन ‘इट’, एक रिकामं आणि एक भरलेलं. इथे जेरंड घेतला: “एंटरिंग इट विदाउट अ कोच इज डेंजरस.” तेव्हापासून तिने एक सवय लावून घेतली. रिकामं ‘इट’ लिहिण्याआधी मागच्या वाक्यात एखादी वस्तू उभी आहे का, ते बघायचं.

‘आय ॲम डिफिकल्ट’वर मात्र खूप वेळ गेला, कारण ती चूक लिहिण्यातून गेली तरी बोलताना परत यायची. उपाय साधा केला. ‘मला अवघड जातं’, ‘मुलांना सोपं जातं’, ‘तिला जमत नाही’ अशी वाक्यं मी मराठीत म्हणायची आणि तिने पहिला शब्द ‘इट’च उच्चारायचा, पुढचं सुचो न सुचो. एकदा ‘इट’ तोंडातून गेलं की ‘आय ॲम’ला जागाच उरत नाही.

सूचनांच्या पाटीवर निर्णय वेगळाच लागला. तिने लिहून आणलं होतं: “टु डाइव्ह इन शॅलो वॉटर इज डेंजरस.” जेरंड की ‘इट’, यावर आम्ही थोडं बोललो आणि मग दोन्ही सोडून दिलं. उथळ पाण्यात सूर मारला तर डोकं तळाला आपटून मानेला कायमची इजा होऊ शकते. काठावर धावत येणाऱ्या पोराला धोक्याबद्दलचं विधान नको, हुकूम हवा. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘नो डायव्हिंग’ आणि खाली ‘शॅलो वॉटर’. पालकांच्या पत्रात, जिथे कारण समजावायला जागा आहे, तिथे तेच “डायव्हिंग इन शॅलो वॉटर कॅन कॉज सीरियस नेक इंज्युरीज” असं आलं.

नमुना तासासाठी जवळपास सगळी वाक्यं जेरंडची ठेवली. सहा वर्षांच्या मुलापुढे पायांची हालचाल करून दाखवताना ‘किकिंग’, तरंगून दाखवताना ‘फ्लोटिंग’ असं नावच हवं असतं. “किकिंग इज इझी. फ्लोटिंग इज फन.” छोटी वाक्यं, क्रिया डोळ्यांसमोर, आणि मुलं मागोमाग ओरडू शकतात. ‘इट इज इझी टु किक’मध्ये मूल ज्या शब्दाला धरणार तो सगळ्यात शेवटी येतो.

घरी जायच्या घाईत एक गोष्ट पटकन सांगून टाकली, ती पुढे उपयोगी पडली. पहिल्यांदा भेटल्यावर ‘नाइस टु मीट यू’, निरोप घेताना ‘नाइस मीटिंग यू’. पुस्तकातल्या दोन साच्यांच्या मधलं हे रूप: ‘इट’ पुढे आणि मागे ‘टु’ऐवजी ‘-इंग’. बोलीत ते भरपूर चालतं, आणि ‘नो यूज’, ‘वर्थ’ यांच्यामागे तर तेच नैसर्गिक: “इट इज नो यूज शाउटिंग ॲट अ फ्रायटन्ड चाइल्ड.” हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते मुलाखतीसाठी राखून ठेवलं.

निष्पत्ती

शाळेने तिला कायमची जागा दिली नाही. उन्हाळी शिबिराच्या बॅचेस दिल्या. जागा का नाही दिली हे शाळेने सांगितलं नाही, आणि त्याचा इंग्रजीशी संबंध जोडायला आधार नाही. पत्र मात्र किरकोळ बदल करून पालकांना गेलं. नमुना तासाला मुलं ‘फ्लोटिंग इज फन’ ओरडत होती, असं तिनेच सांगितलं.

लिहिण्यात ‘स्विमिंग इट इज’ आणि नुसतं ‘लर्न’ पूर्ण गेलं. ‘आय ॲम डिफिकल्ट’ही गेलं. ‘टीचिंग चिल्ड्रन आर’ अधूनमधून डोकावतं, विशेषतः जेरंड आणि क्रियापद यांच्यामध्ये अनेकवचनी शब्द शिरला की. त्यावर तिने काढलेला तोडगा मला पसंत आहे: मधले शब्द बोटाने झाकायचे आणि ‘टीचिंग... इज’ वाचायचं.

वेगळं काय करता आलं असतं

असं प्रकरण पुन्हा आलं तर पत्राऐवजी मी बोलण्यापासून सुरुवात करेन. पत्रात पुन्हा वाचून दुरुस्त करता येतं. ‘मला अवघड जातं’ हे मुलाखतीत अर्ध्या सेकंदात इंग्रजीत आणावं लागतं. लेखनावर खर्च झालेला बराच वेळ तोंडी सरावाला देता आला असता.

रूपांतराचे प्रश्न मात्र मी टाकून देणार नाही. त्यांनीच तिला दोन्ही साचे हातात दिले होते आणि त्याशिवाय निवडीचा प्रश्नच आला नसता. फक्त सुटं वाक्य देऊन ‘दुसऱ्या रूपात लिहा’ म्हणण्याऐवजी आधीचं एक वाक्य सोबत द्यावं आणि दोन्हींपैकी कोणतं त्याच्यामागे बसतं हे विचारावं. त्याच प्रश्नात मग खरं काम होतं.

एक चूक अजून शिल्लक आहे: ‘इट इज डिफिकल्ट टु मी’. ‘मला’तला ‘ला’ बोलताना ‘टु’ होऊन येतो. ‘इट इज इम्पॉर्टन्ट टु मी’ हे बरोबर असल्यामुळे तिचा गोंधळ आणखी वाढतो, कारण एखादी गोष्ट मला महत्त्वाची वाटते असं म्हणताना तिथे ‘टु’च येतो. पुढे काम येणार असेल, ‘टु टीच’, ‘टु स्विम’ असं काही, तर करणाऱ्याआधी ‘फॉर’. शिबिर संपल्यावर ती पुन्हा संध्याकाळच्या बॅचला येते आहे, आणि सध्या आम्ही यावरच आहोत.